एक मण शेर

उकंडराव शेअरला शेर म्हणत. वाशीमच्या बाजारात तेव्हा बहुतेक सगळेच शेर म्हणायचे, कारण शेर हे वजन सगळ्यांच्या ओळखीचं होतं आणि शेअर कोणाच्याच ओळखीचा नव्हता. त्यांच्या धाकट्या बहिणीकडे, गोजराबाईकडे, जिनिंग कंपनीचे चाळीस शेअर होते. चाळीस शेरांचा एक मण. म्हणून गोजराबाई कोणीही विचारलं तर सांगायची, "माह्याकडे मणभर शेर हायेत." ऐकणारा विचारायचा, कशाचे? ज्वारीचे की तुरीचे? मग ती हसायची.

आमचा त्र्यंबक आता मुंबईच्या एका गिरणी कंपनीत सेक्रेटरीचा मदतनीस झाला आहे. परवा त्याचं पत्र आलं, की कंपनी भांडवल वाढवणार आहे, नवे शेअर काढणार आहे, आणि हिशेबाचं काम त्याच्याकडे दिलं आहे. पत्र आनंदाचं होतं. मी ते दोनदा वाचलं आणि मला उकंडराव आठवले. मुलाच्या आनंदाच्या पत्रानं आईची झोप उडावी हे बरं नाही, पण उडाली खरी. त्यांच्याविषयी कोणीतरी लिहायला हवं होतं. ते मोठे नव्हते, फसवे तर मुळीच नव्हते. एका हिशेबात त्यांचं उभं आयुष्य अडकून राहिलं आणि तो हिशेब त्यांना शेवटपर्यंत पुरता उलगडला नाही. मलाही उलगडला आहे असं मी छातीठोक सांगणार नाही.

उकंडराव अनसिंगचे. ऐंशी एकर काळी जमीन, सगळी कपाशीखाली. उंच, किंचित वाकलेले, हातात बाराही महिने छत्री. ती उघडलेली मी क्वचित पाहिली. बोलताना जमिनीवर आकडे काढायला ती त्यांना लागे. कपाशीच्या व्यवहारात त्यांचा शब्द चाले. अडत्याशी भांडण झालं की शेतकरी त्यांनाच पुढे करत. लढाई संपली त्या साली वाशीमला काही शेतकऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी मिळून कपाशीची सरकी वेगळी करणारी जिनिंग कंपनी काढली, पन्नास रुपयांचा एक असे दोन हजार शेअर. उकंडरावांनी घरोघर फिरून ते खपवले. गोजराबाई विधवा होती, सासरच्या वाटणीचे दोन हजार रुपये तिच्या गाठीला होते, त्याचे त्यांनी तिच्या नावावर चाळीस शेअर घेतले. पुढे तेच कंपनीचे चेअरमन झाले. माझे यजमान कंपनीचे वकील, त्यामुळे आमच्या ओसरीवर उकंडरावांची छत्री आठवड्यातून दोनदा तरी टेकलेली असे.

गोजराबाई वाशीमबाहेर, पद्मतीर्थाच्या वाटेला, पाच एकरांचा मळा मक्त्यानं करायची. वांगी, मिरची, मेथी. मळ्याचा मालक मंगरूळपीरला राहायचा. सन अठ्ठावीसच्या चैत्रात त्यानं निरोप धाडला, की मळा विकायचा आहे, पाच हजारांना, दसऱ्यापर्यंत तुला पहिला मान, नंतर दुसऱ्याला. बारा वर्षं त्या मातीत हात घातलेल्या बाईला दुसरं काय हवं? तेव्हा कंपनीच्या शेअरचा भाव अकोल्याच्या दलालाकडे एकशे अठ्ठावीस होता. चाळीस शेअरांचे पाच हजार एकशेवीस. मळा येऊन वर बैलाचा दाणागोटा.

ती भावाला विचारायला आमच्या ओसरीवर आली तेव्हा मी तिथेच बसले होते.

"दादा, इकून टाकू का?"

"थांब नं जराशी," उकंडराव म्हणाले. "नवी प्रेस बसवून राह्यलो आमी. आता आपला कापूस सैल बोजे बांधून अकोल्याले दाबाले जाते, गाडीभाडं तेवढं डोईवर. इथंच गठान बांधली का नफा दुप्पट. दीडशे होतीन शेर तुह्ये. दीडशे! मळाबी घे, अन् मोटंले नवी जोडी घे."

"दसऱ्याच्या आत होतीन?"

"अव, दसरा लंबा हाये."

ती थांबली. पुढे जे झालं ते ह्या एका थांबण्यामुळे.

प्रेस, इंजिन, पाया, रेल्वेभाडं असं सगळं मिळून साडेसत्त्याण्णव हजार लागणार होते. कर्ज काढायचं तर सावकार बारा टक्के मागत होता. म्हणून ठरलं की नवे शेअर काढायचे. ते जुन्या भागीदारांनाच द्यावेत असं यजमानांचं म्हणणं होतं, पण आदल्या दोन सालांत कपाशीचा भाव पडला होता, कोणाच्याच हाती रोकड नव्हती. सर्वसाधारण सभेनं ठराव केला, बाहेर विका. बाहेर विकायचे म्हणजे कोणीतरी हमी घेणारा हवा. मुंबईच्या एका पेढीनं तयारी दाखवली: सगळे शेअर आम्ही खपवू, न खपले तर आम्हीच घेऊ, आमचं कमिशन शेकडा दहा. अकोल्याला त्या पेढीचा एजंट होता, तो कोट-टोपी घालून येऊन सही घेऊन गेला.

"शेकडा दहा फार झाले," यजमान म्हणाले होते.

"वाशीम मुंबईहून दूर आहे वकीलसाहेब," एजंट म्हणाला. "तुमची कंपनी तिकडे कोणाला ठाऊक? न खपलेला माल आमच्या गळ्यात पडला तर? त्या धास्तीचे हे पैसे."

ही बातमी अकोल्याच्या बाजारात गेली, आणि पहिली गोंधळाची गोष्ट झाली. अजून एकही नवा शेअर छापलेला नव्हता, त्याची किंमतही ठरलेली नव्हती, आणि भाव एकशे अठ्ठावीसवरून एकशे एकोणीस झाला.

उकंडराव दलालाचं पत्र घेऊन धावतच आले. "हे काहून झालं? आवक झाली तं भाव पडते, हे मले समजते. पन आवक कुठं झाली? माल तं अजून वावरातच हाये!"

यजमानांनी त्यांना बसवलं. "तुमच्या गावात एखादा चांगली दुभती म्हैस विकायला काढतो तेव्हा तुम्ही पहिलं काय विचारता?"

"काहून इकून राह्यला म्हनून."

"तसंच हे. घेणारा म्हणतो, कंपनीची आतली माहिती ह्या डायरेक्टरांना. शेअर खरोखर स्वस्त असता तर ह्यांनी तो परक्याला कशाला दिला असता? कर्ज काढलं असतं, थांबले असते. ज्या अर्थी आत्ताच विकतात त्या अर्थी ह्यांना भाव चढा वाटत असेल."

"पन मले तं चढा वाटत नाई! मले प्रेस पायजे."

"हे तुम्हाला ठाऊक. त्याला कसं ठाऊक होणार?"

उकंडरावांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "म्हनजे खरं बोलनाऱ्यालेबी तोच भाव, अन् लबाडालेबी तोच." यजमान म्हणाले, हो, कारण बाहेरून दोघं सारखेच दिसतात. मी बी.ए.ला तर्कशास्त्र शिकले होते. मला ते ऐकताना पटलं, आणि स्वयंपाकघरात जाईपर्यंत पुन्हा पटेनासं झालं.

मग नव्या शेअरची किंमत ठरवायची वेळ आली. एकशे एकोणीसला दहा-वीस शेअर जातील, हजारभर जाणार नाहीत, असं एजंट म्हणाला. एकशे दहा ठरली. आता किती शेअर काढायचे? हा हिशेब उकंडरावांनी स्वतः केला, आमच्या अंगणात, छत्रीच्या टोकानं, आणि मोठ्यानं म्हणत केला.

"प्रेसले साडेसत्त्यान्नव हजार. छपाई, जायरात, स्टांप, सॉलिसिटर, अडीच हजार. झाले लाख. लाखावर शेकडा दहा, दहा हजार. एक लाख दहा हजार. एकशे दहानं भागा. एक हजार शेर. पाहा वकीलसाहेब, कसा गोल आकडा आला! देवानंच जुळवलं."

आकडा खरंच इतका गोल होता, की कोणी तो पुन्हा तपासला नाही. यजमान त्या दिवशी कोर्टाच्या घाईत होते. मी रांगोळीसारख्या त्या आकड्यांवरून पाय चुकवत पाणी भरायला गेले.

भाद्रपदात शेअर खपले. पेढीचा चेक आला नव्व्याण्णव हजारांचा. त्यातून अडीच हजार खर्च गेला. उरले साडेशहाण्णव हजार. प्रेसला हवे होते साडेसत्त्याण्णव. हजार रुपये कमी. आणि त्याच आठवड्यात अकोल्याचं पत्र आलं, भाव एकशे बारा.

गोजराबाईचे चाळीस शेअर आता चार हजार चारशे ऐंशीचे झाले होते. दसरा महिन्यावर आला होता.

गावात हजाराची गोष्ट तासाभरात पसरते. चेअरमननं हजार दाबले, आणि बाजाराला ते कळलं म्हणून भाव पडला, अशी ती गोष्ट तयार होऊन गोजराबाईच्या मळ्यात पोचली. ती डोक्यावरची वांग्यांची पाटी तशीच घेऊन आमच्याकडे आली. उकंडराव ओसरीवर होते, अकोल्याचा एजंटही कागदावर सह्या घ्यायला आलेला होता. तिनं पाटी खाली ठेवली, पदर खोचला.

"दादा, हजार रुपये कुठं गेले?"

"गोजरा, तू घरी चाल, मी सांगतो."

"घरी कायले? इथं वकील हायेत, वकीलीनबाई हायेत, हा टोपीवालाबी हाये. सांग नं! तू मले इकू नको म्हनलं. मी थांबली. माह्या मणभर शेराची भुशी झाली. अन् लोक म्हनतेत तुह्या घरी हजाराची थैली गेली."

"माह्या पोराची आन—"

"पोराची आन घेऊ नको! हिशेब सांग."

उकंडराव एजंटकडे वळले. "तुमी सांगा. शेकडा दहा ठरले होते का नाई?"

"ठरले होते."

"मग लाखाचे किती? दहा हजार. तुमी अकरा काहून कापले?"

"लाखाचे नव्हे साहेब. विकले एक लाख दहा हजारांचे. त्याचे शेकडा दहा, अकरा हजार."

"पन आमच्या हाती लाख यायले पायजे होते नं! त्याच्यावर दहा!"

"वर कुठले? आतले."

गोजराबाई दोघांकडे पाहत होती. मी तेव्हा मध्ये बोलले, कारण दोघेही खरं बोलत आहेत आणि दोघांचे आकडे जुळत नाहीत हे मला सहन होईना. "उकंडराव, कपाशीच्या आडतीला तुम्ही कसं धरता?"

"वर. घेनाऱ्याच्या डोईवर. शंभराची कपाशी, अडत्याचा एक रुपया, घेनारा एकशे एक मोजते. शेतकऱ्याच्या हाती शंभरचे शंभर. ह्याच्यासाठीच तं मी दहा वर्सं भांडलो अडत्यांशी!"

हे खरं होतं. वाशीमच्या कपाशीबाजारात आडत वरून घ्यायची, शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीतून कापायची नाही, ही रीत बसवायला उकंडराव वर्षानुवर्षं भांडले होते. ती रीत त्यांच्या अंगात इतकी मुरली होती, की शेकडा म्हटलं की त्यांचा हात आपोआप वरच जायचा.

"आन् भाजीची आडत?" गोजराबाईनं विचारलं. आवाज अजून तिखटच होता. "मी रुपयाची वांगी नेली, तं दलाल मले चौदा आने देते. दोन आने आतूनच जातेत. तुले मालूम नाई?"

"मी भाजी कवा इकली?"

"हेच तं! कपाशीचा राजा!" ती पाटीवर बसकण मारून बसली, वांगी वाचली ती नशिबानं. मग हळू म्हणाली, "म्हनजे तू चोर नाईस."

"नाई."

"येडा हायेस."

"हाव," उकंडराव म्हणाले.

यजमानांनी मग लिहायच्या पाटीवर नीट मांडून दाखवलं. शेअरमागे एकशे दहा येतात, त्यातले अकरा हमी घेणाऱ्याचे, कंपनीला नव्व्याण्णव. लाख हवे असतील तर लाखाला नव्व्याण्णवनं भागायचं, एकशे दहानं नव्हे आणि वर दहाही चढवायचे नाहीत. एक हजार अकरा शेअर काढायला हवे होते. अकरा कमी पडले.

"अकरा शेर," गोजराबाई म्हणाली. "वांगी अस्ती तं मीच देल्ली अस्ती."

पण तिचा मुख्य प्रश्न तसाच होता. हजार चोरले नाहीत, तर भाव एकशे बारा का? यजमानांनी तोही हिशेब केला. बातमीनंतर जुने दोन हजार शेअर एकशे एकोणीसनं धरले तर सगळ्या कंपनीचं मोल दोन लाख अडतीस हजार. त्यात नवे साडेशहाण्णव हजार आले. झाले तीन लाख साडेचौतीस हजार. आणि आता वाटेकरी तीन हजार शेअर. एकेकाच्या वाट्याला एकशे साडेअकरा. "नवीन माणूस एकशे दहा देऊन आत आला, त्यातले कंपनीच्या पेटीत साडेशहाण्णवच पडले, आणि वाटा मात्र त्याला जुन्याएवढाच मिळाला. दाट दुधात पातळ दूध ओतलं. एकशे अठ्ठावीसवरून एकोणीस झाला तो लोकांच्या संशयानं, आणि एकोणीसवरून बारा झाला तो ह्या भागाकारानं."

"आन् प्रेस?" उकंडराव म्हणाले. "प्रेस नफा देईन, तो कुठं धरला?"

"तो लोकांना दिसला की धरतील. प्रेस खर्चापेक्षा जास्त मोलाची ठरली तर भाव चढेलही."

"दसऱ्याच्या आत?" गोजराबाईनं विचारलं.

यजमानांनी पाटीवरचे आकडे पुसले.

आता उकंडरावांनी जे केलं त्यासाठी मी हे लिहायला बसले. हजार रुपयांची चूक त्यांची, म्हणून ती त्यांनी भरायची ठरवली. सभा पुन्हा बोलवून अकरा शेअर काढता आले असते, पण तेवढ्यासाठी पुन्हा छपाई, पुन्हा जाहिरात, आणि दिवस जात होते. त्यांनी स्वतःचे नऊ शेअर अकोल्याच्या दलालाकडे विकायला दिले. एकशे बारानं नऊ म्हणजे एक हजार आठ, दलाली जाऊन हजार आणि वर थोडी मोड. ती दलालीही आतूनच गेली हे त्यांनी मला मुद्दाम सांगितलं. हजार रुपये कंपनीत भरले, प्रेसची रक्कम पुरी झाली. ते मोकळ्या चेहऱ्यानं आले आणि बऱ्याच दिवसांनी माझ्याकडे चहा मागितला.

"वैनी, आता गोजरा माह्याकडे सीध्या तोंडानं पाहीन."

चार दिवसांनी अकोल्याचं पत्र आलं. भाव एकशे सहा.

दलालानं खाली दोन ओळी लिहिल्या होत्या: चेअरमनसाहेबांनी खुद्द आपले शेअर विकल्याचे येथे सर्वांस कळले आहे. लोक म्हणतात, ज्याला आतलं ठाऊक तोच बाहेर पडतो.

उकंडरावांना ते वाचून दाखवायचं काम माझ्यावर आलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग छत्रीचं टोक जमिनीवर टेकवलं, पण आकडा काढला नाही.

"मी चूक भरायले इकले."

"हो."

"नऊ शेर. कंपनीचे तीन हजार हायेत. त्यातले नऊ. त्याच्यानं सारे पडले?"

"नऊमुळे नाही," मी म्हणाले. "तुम्ही विकले म्हणून." बोलले खरी, पण मलाही ते चमत्कारिक वाटत होतं. एखाद्यानं प्रामाणिकपणानं केलेली गोष्ट बाजारात पोचेपर्यंत उलटी कशी होते? आणि ती सुलटी करून सांगायला कोणाकडे जायचं? बाजार म्हणजे कोण? त्याला घर नाही, दार नाही, की जाऊन सांगावं, बाबांनो, माणूस चांगला आहे.

"म्हनजे मी गोजराचे आनखी दोनशे चाळीस रुपये घालवले," ते म्हणाले. चाळीस गुणिले सहा त्यांनी मनातल्या मनात कधी केले होते कोण जाणे. हा हिशेब मात्र बरोबर होता.

ते स्वतः मळ्यावर गेले. मी तिथे नव्हते. गोजराबाईनं नंतर सांगितलं. ते म्हणाले, आता तरी इकू नको, प्रेस चैत्रापर्यंत बसते, भाव परत चढन, मालकाला मी विनवतो. ती म्हणाली, "तू एकदा थांब म्हनलं, मी थांबली. आता तू थांब म्हनून राह्यला, म्हनून मी इकते." आणि तिनं विकले, सगळे चाळीस, एकशे सहानं. चार हजार दोनशे चाळीस, दलाली वजा. मंगरूळपीरला जाऊन ती मालकाच्या ओसरीवर दिवसभर बसून राहिली. शेवटी सौदा असा झाला: विहिरीसह चार एकर तिला, बेचाळीसशेला, रस्त्याकडचा एक एकर दुसऱ्याला. वांगी सगळ्यांत चांगली त्याच एकरात यायची.

त्या दसऱ्याला ती भावाकडे सोनं द्यायला गेली नाही. भाऊबीजेलाही गेली नाही. उकंडराव मात्र येता-जाता त्या एका एकराशी थांबत, दुसऱ्याच्या झालेल्या वांग्यांकडे पाहत, आणि पुढे जात.

प्रेस चैत्रात बसली. कापूस वाशीमलाच दाबला जाऊ लागला. एक हंगाम नफा चांगला झाला आणि भाव एकशे एकवीसपर्यंत गेला. तेव्हा उकंडराव गोजराबाईच्या दारावरून मुद्दाम गेले, आत गेले नाहीत. त्यांना म्हणायचं असेल, पाहा, मी खोटं बोललो नव्हतो. की म्हणायचं असेल, तुझं नुकसान झालं? मला वाटतं दोन्ही, आणि दोन्हींपैकी कुठलं बोलावं ते न कळून ते पुढे गेले.

मग मंदी आली. कपाशीचा भाव असा कोसळला, की शेतकरी काही वावरं वेचायचीसुद्धा सोडून देऊ लागले. कंपनीचा शेअर सन एकतीसात अठ्ठावन्नवर आला. उकंडरावांचे उरलेले शेअर त्यांच्या पेटीतच राहिले. ज्यांनी त्यांच्या शब्दावर घेतले, त्यांचेही राहिले. गोजराबाईकडे मात्र विहीर होती, चार एकर होते, आणि मंदीतही माणसं वांगी खातात.

म्हणजे कोण बरोबर होतं? भावाचं ऐकून थांबली म्हणून तिचे नऊशेच्या जवळपास रुपये गेले. भावाचं न ऐकता रागानं विकले म्हणून तिचा मळा राहिला. त्यानं चूक भरून काढली नसती तर एकशे बाराला विकून आणखी दोनशे चाळीस मिळाले असते, पण मग तो चोर ठरला असता. मी हे यजमानांना विचारलं की ते म्हणत, ज्या दिवशी जे ठाऊक होतं त्यावरून पाहा. मी पाहते. मला त्या दिवशीही काही ठाऊक नव्हतं.

पुढे पाच-सहा वर्षांनी उकंडरावांना अर्धांगाचा झटका आला. त्यांना वाशीमला आणलं, आमच्या मागच्याच आळीत भाड्याच्या घरात ठेवलं होतं. मी रोज दुपारी जाऊन बसत असे. एका दुपारी गोजराबाई आली. तीच पाटी. भावाच्या खाटेजवळ बसली. पाटीतून एकेक वांगं काढून त्यांच्या चांगल्या हाताशी ठेवू लागली.

"एक. दोन. तीन..."

दहा झाली. मग तिनं त्यातलं एक उचलून परत पाटीत टाकलं.

उकंडरावांनी तिच्याकडे पाहिलं. जीभ जड झाली होती, शब्द अर्धवट यायचे. "हे... काय?"

"शेकडा दहा," गोजराबाई म्हणाली. "आतले."

त्यांच्या तोंडाची एकच बाजू हसायची, ती हसली. डोळ्यांतून पाणी आलं ते मात्र दोन्हीकडून आलं. त्यानंतर ते होते तोवर ती दर बाजाराच्या दिवशी यायची, दहा मोजायची आणि एक परत घ्यायची. एकदा तिनं पाटी नुसतीच खाली ठेवली, मोजायची विसरली, तेव्हा उकंडराव बेचैन झाले. चांगल्या हाताची बोटं खाटेच्या कडेवर आपटत राहिले, आणि मला आधी कळेना काय हवंय. मग गोजराबाईच म्हणाली, "अव मायबाई, दलाली राह्यली!" आणि तिनं दहा मोजून एक वांगं परत उचललं, तेव्हा ते शांत झाले.

त्र्यंबकला मी उद्या उत्तर लिहीन. कमिशन वरचं धरलंयस की आतलं, एवढं विचारीन. त्याला हसू येईल, त्याचे साहेब शिकलेले आहेत. हसू दे. पण आकडा फार गोल आला असेल तर तो पुन्हा एकदा मोडून पाहा, असंही खाली लिहीन म्हणते.